भिंत आंधळी नसते, म्हणून ती पाहते का?

प्रश्न: मी तत्त्वज्ञान घेऊन टी.वाय.बी.ए. करते आहे. विभागाच्या सेमिनारमध्ये एस.वाय.च्या मुलांना ‘अपोफॅटिक थिऑलॉजी’, म्हणजे ईश्वराचं फक्त निषेधाने वर्णन करायची परंपरा, वीस मिनिटांत समजावून सांगायची आहे. तालीम म्हणून मैत्रिणींसमोर बोलून पाहिलं. ‘नेति नेति’पासून सुरुवात केली, मग डायोनिसियस आणि एकहार्ट हे ख्रिस्ती विचारवंत, मायमोनिडीज हा ज्यू, सगळे घेतले. एकीने विचारलं, “ईश्वर समर्थ आहे असं म्हणायचं नाही, मग तो दुबळा आहे का?” दुसरी म्हणाली, “काहीच सांगता येत नसेल तर यांच्यात आणि नास्तिकात फरक काय?” मला उत्तर देता आलं नाही. घरी आजी रोज विष्णुसहस्रनाम म्हणते. या मंडळींच्या मते ती हजार वेळा चुकीचं बोलते का? विषय बदलून घेऊ का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

विषय बदलू नकोस, पण तो लहान कर. तुझ्या मैत्रिणींनी विचारलेले दोन्ही प्रश्न या विषयातले सर्वांत कठीण प्रश्न आहेत, आणि इतक्या परंपरांची अवतरणं हाताशी असली तरी त्यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. अवतरणांतून एवढंच कळतं की पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोक ‘नाही’ म्हणाले. कोणी काय नाकारलं आणि कशासाठी, हे समजायला एका माणसाजवळ थांबावं लागतं. माझं मत विचारशील तर तो माणूस मोझेस मायमोनिडीज असावा. डायोनिसियसचं ‘मिस्टिकल थिऑलॉजी’ पाचच छोट्या प्रकरणांचं आहे, त्यामुळे तेच घ्यावं असा मोह होतो. पण ते जवळजवळ प्रार्थनेसारखं लिहिलं आहे आणि त्यातले युक्तिवाद वाचणाऱ्याला शोधून काढावे लागतात. मायमोनिडीज पायरीपायरीने जातो. तो कुठे अडतो तेही दिसतं, आणि वर्गात शिकवायला हेच सोयीचं असतं.

कॉर्दोव्हात जन्मलेला हा ज्यू विचारवंत पुढे कैरोजवळच्या फुस्तात इथे वैद्यकी करत होता. १२०४ मध्ये तो वारला. ११९० च्या सुमारास त्याने ‘गोंधळलेल्यांचा वाटाड्या’ हा ग्रंथ पुरा केला. ग्रंथाची भाषा अरबी आहे, लिपी हिब्रू. तो एका शिष्याला उद्देशून लिहिलेला आहे. शिष्य धर्मग्रंथही शिकलेला आणि तर्कशास्त्रही, आणि दोहोंचा मेळ बसेना म्हणून अडकलेला. तुझा श्रोता याहून फार वेगळा नाही. ईश्वराच्या गुणांची चर्चा ग्रंथाच्या पहिल्या भागात ५० ते ६० या प्रकरणांत येते.

आता पहिला प्रश्न. ‘समर्थ नाही, मग दुबळा का?’ असं विचारताना तुझ्या मैत्रिणीने एक गोष्ट गृहीत धरली आहे: एक बाजू नाकारली की दुसरी आपोआप खरी ठरते. रोजच्या व्यवहारात ते बहुतेकदा बरोबरच असतं. ‘तो मुलगा आंधळा नाही’ म्हटलं की त्याला दिसतं हे आलंच. पण ५८ व्या प्रकरणात मायमोनिडीज भिंतीचं उदाहरण देतो. भिंतीला दृष्टी नाही, असं आपण म्हणू शकतो. ते खरंही आहे. पण त्यावरून भिंत आंधळी ठरत नाही, कारण आंधळं असायलाही आधी पाहणाऱ्या जातीतलं असावं लागतं. हेच मी पुढे नेऊन सांगते: ‘भिंत आंधळी नाही’ हेही खरं आहे आणि त्यावरून भिंत पाहते असं निघत नाही. मुलाच्या बाबतीतला नकार त्याला एका मोजपट्टीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतो. भिंतीच्या बाबतीतला नकार सांगतो की ही मोजपट्टी इथे लागतच नाही. मायमोनिडीजला ईश्वराबद्दल हा दुसरा नकार हवा आहे. मीमांसा आणि व्याकरण शिकलेल्यांना पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध ही जोडी ठाऊक असते. पहिला नकार ‘याहून वेगळं काहीतरी’ सुचवतो, दुसरा नुसता नाकारतो आणि जागा रिकामी ठेवतो. तुझ्या श्रोत्यांत संस्कृतची मुलं असतील तर त्यांना एवढं सांगितलं तरी पुरेल.

पण ही मोजपट्टी लागत का नाही? ‘ईश्वर फार थोर आहे, म्हणून’ हे उत्तर इथे चालत नाही. मायमोनिडीजचं कारण रचनेशी निगडित आहे. ‘भीम बलवान आहे’ हे वाक्य घे. यात भीम आहे आणि त्याचं बळ आहे. उद्या हे बळ ओसरलं तरी भीम भीमच राहील. म्हणजे वस्तू वेगळी, गुण वेगळा, आणि दोन्ही एकत्र आलेले. जे जे एकत्र आलेलं असतं त्याला एकत्र येण्यासाठी काही कारण लागतं. ईश्वर तर सर्वांचं आदिकारण, त्याच्या मागे आणखी काही नाही, असं आपण मानून चाललो आहोत. मग त्याच्यात ‘तो’ आणि ‘त्याचं सामर्थ्य’ अशा दोन गोष्टी जोडलेल्या असू शकत नाहीत. ‘अमुक तमुक आहे’ या वाक्यातच ही जोडणी येते. म्हणून मायमोनिडीजला केवळ ईश्वराला हात, पाय, राग, लोभ चिकटवणारे लोक खटकत नाहीत. ‘समर्थ’, ‘ज्ञानी’, ‘जिवंत’ ही सभ्य विशेषणंही त्याच कारणाने अडचणीची आहेत. त्याच्या दृष्टीने ईश्वराला देह आहे असं मानणं आणि त्याला गुण आहेत असं मानणं या शेजारशेजारच्या चुका आहेत. हा मुद्दा श्रोत्यांपर्यंत पोचला नाही, तर सगळा निषेध केवळ आदर दाखवायची एक पद्धत वाटतो.

मग ‘ईश्वर समर्थ आहे’ हे धर्मग्रंथातलं वाक्य कसं वाचायचं? मायमोनिडीज ते उलटं फिरवतो: ‘ईश्वर असमर्थ नाही.’ हा नकार भिंतीच्या जातीचा आहे हे इथे विसरायचं नाही. विसरलं की ‘असमर्थ नाही म्हणजे समर्थ, म्हणजे भीमासारखा, फक्त पुष्कळ मोठा’ अशी गाडी पुन्हा जुन्या रुळावर येते.

इथे एखादं हुशार पोर हात वर करेल, आणि तू त्यासाठी तयार असायला हवंस. ते विचारेल, “भिंत आंधळी नाही तशी पाहणारीही नाही. मग त्याच न्यायाने ‘ईश्वर समर्थ नाही’ हेही तितकंच खरं. धर्मग्रंथ एकच बाजू का म्हणतात?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी मायमोनिडीजची दुसरी सोय लागते. निषेधाखेरीज आणखी एका प्रकारचं बोलणं तो मान्य करतो, ते म्हणजे कृतीवरून केलेलं वर्णन. ‘हे दार ज्याने केलं तो’ असं म्हटल्याने त्या माणसात एखादा गुण आहे असं आपण सांगत नाही. त्याच्या हातून काय झालं एवढंच सांगतो. जग आहे, आणि मायमोनिडीजच्या मते ते ईश्वरापासून आलेलं आहे. दुसऱ्या वस्तू अस्तित्वात यायला ज्याचं असणं पुरेसं आहे, त्याच्याबद्दल ‘असमर्थ’ हा शब्द नाकारण्यात अर्थ आहे. दुसरी बाजू तोंडाने म्हटली तर ऐकणाऱ्याच्या मनात उणीव उभी राहते. म्हणजे दोन बाजूंतली एक निवडायची ती जगाकडे पाहून. ईश्वराच्या आत डोकावून निवडलेली ती नव्हे. निषेध आणि कृती ही दोन्ही अंगं एकत्र धरली तरच मायमोनिडीज उभा राहतो. बरीच पाठ्यपुस्तकं पहिलं अंग देऊन थांबतात आणि मग तो विनाकारण विचित्र वाटतो.

‘ईश्वर दयाळू आहे’ याचं वाचन ५४ व्या प्रकरणात असंच येतं. गर्भात जीव कसा घडतो, त्याला जगायला लागणाऱ्या शक्ती कशा मिळतात, याकडे तो बोट दाखवतो. असं काम माणसाच्या हातून झालं असतं तर ते माया दाटून आल्यामुळे झालं असतं. म्हणून आपण कर्त्याला दयाळू म्हणतो. पण तिथे काळजात काही हललं असं मात्र त्या शब्दातून घ्यायचं नाही.

आता नास्तिकाचा प्रश्न. तुझी मैत्रीण चांगल्या संगतीत आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. त्यांच्या चौथ्या भागात क्लीअँथिस हे पात्र हाच प्रश्न डेमिया या दुसऱ्या पात्राला विचारतं: ईश्वर सर्वस्वी अनाकलनीय आहे म्हणणारे तुम्ही गूढवादी, आणि आदिकारण अज्ञात आहे म्हणणारे संशयवादी किंवा नास्तिक, यांत फरक तो कोणता? मायमोनिडीजकडून मिळणारं उत्तर असं. ‘आहे का’ आणि ‘काय आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर तो ठाम देतो, आणि त्यासाठी ग्रंथाच्या दुसऱ्या भागात पुरावे मांडतो. दुसऱ्या प्रश्नाला तो निषेधाचं कुंपण घालतो. नास्तिक पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणतो. फरक आहे तो इथे.

पण हे उत्तर दिलं की प्रश्न मिटला असं श्रोत्यांना वाटू देऊ नकोस. ‘काय’ हे जराही ठाऊक नसेल, तर ‘आहे’ हे नेमकं कशाबद्दल म्हटलं? मायमोनिडीजला ही अडचण दिसत होती. ६० व्या प्रकरणातलं जहाजाचं उदाहरण तो त्यासाठीच देतो. जहाज नावाचं काही आहे एवढंच एकाला माहीत आहे. पुढच्या एकाला कळतं की ते खनिज नाही. आणखी एकाला, की ते प्राणी नाही. मग कळतं की ती जमिनीत उगवलेली वनस्पती नाही, निसर्गतः एकसंध असा पदार्थ नाही, दारं-फळ्यांसारखं सपाट नाही, गोल नाही, आतून भरीव नाही. शेवटचा माणूस नुसत्या नकारांच्या बळावर जहाजाच्या कल्पनेजवळ येऊन पोचतो. निषेधाने ज्ञान वाढतं, हे त्याला यातून दाखवायचं आहे.

हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहून काढ, कारण ते जितकं देखणं आहे तितकंच ठिसूळही आहे. जहाज ही जगातली एक वस्तू आहे. प्रत्येक नकारासरशी उरलेल्या वस्तू कमी होत जातात, म्हणूनच आपण जवळ येतो. ईश्वर मात्र वस्तूंच्या कुठल्याही जातीत बसत नाही, असं मायमोनिडीजच म्हणतो. मग कितीही नकार दिले तरी काय कमी होत गेलं? मला वाटतं, जहाजाचं उदाहरण इथे त्याला साथ देत नाही. त्याचा खरा आधार ५९ व्या प्रकरणात आहे. तिथे तो म्हणतो की प्रत्येक नकार पुराव्याने सिद्ध करावा लागतो, नुसता तोंडाने म्हणून भागत नाही. ईश्वराला देह नाही हे ज्याने युक्तिवादाने पटवून घेतलं, तो त्याबद्दल संशयात असलेल्या माणसापेक्षा पुढे आहे, कारण त्याच्या डोक्यातली एक चूक कायमची गेली. म्हणजे इथे वाढतं ते माणसाच्या समजुतीचं शुद्धपण. ईश्वराच्या चित्रात मात्र एका रेघेचीही भर पडत नाही. एवढ्याला ज्ञान म्हणायचं की नाही, हा प्रश्न वर्गासाठी खुला ठेव.

दुसरा मोठा आक्षेप थॉमस अ‍ॅक्वायनसचा. तेराव्या शतकातला हा डॉमिनिकन पंथाचा ख्रिस्ती विचारवंत मायमोनिडीजला ‘रब्बी मोझेस’, म्हणजे ज्यू धर्मगुरू मोझेस, म्हणून नावाने उल्लेखतो, आदराने वाचतो आणि तरी मान्य करत नाही. त्याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात, तेराव्या प्रश्नाच्या दुसऱ्या लेखांशात हा वाद आहे. तो म्हणतो, ईश्वर चांगला आहे याचा अर्थ ‘चांगल्याचं कारण’ एवढाच असेल, तर ईश्वर देहांचंही कारण आहे. मग ‘ईश्वर देह आहे’ असंही म्हणावं लागेल. तसं कोणी म्हणत नाही. आणि ‘ईश्वर जिवंत आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाला तो जिवंत वस्तूंचं कारण आहे किंवा निर्जीव वस्तूंहून वेगळा आहे, एवढंच सांगायचं नसतं. त्याला आणखी काहीतरी म्हणायचं असतं. दुसरा मुद्दा मला जास्त जड वाटतो. भाविकाच्या वाक्याचा अर्थ लावताना भाविकालाच तो ओळखू येऊ नये, ही कुठल्याही अर्थनिर्णयातली गंभीर उणीव आहे. अ‍ॅक्वायनसचा स्वतःचा मार्ग साधर्म्याचा आहे. ‘चांगला’ हा शब्द ईश्वराला आणि माणसाला एकाच अर्थाने लागत नाही, पण अगदी भिन्न अर्थानेही लागत नाही. हा दुसरा सेमिनार होईल. इथे फक्त दार दाखव आणि पुढे जा.

आता आजी. तुझ्या प्रश्नात असं गृहीत आहे की नाव घेणं म्हणजे वर्णन करणं. मायमोनिडीज याबाबत कडक आहे, हे खरं. तालमुद या ज्यू धर्मग्रंथातली एक कथा तो सांगतो. एक माणूस प्रार्थनेत ठरलेली विशेषणं सोडून आणखी आणखी लावत गेला. रब्बी हनीना त्याला म्हणाले, संपली का सगळी स्तुती? एखाद्या राजाकडे लाखो सोन्याची नाणी असावीत आणि कोणी त्याच्या चांदीच्या नाण्यांची स्तुती करावी, तसं झालं हे. मायमोनिडीज यातला एक बारकावा टिपतो. त्या माणसाने सोन्याची नाणी कमी मोजली असं रब्बी म्हणत नाहीत. त्याने धातूच चुकवला असं म्हणतात. पण परंपरेने प्रार्थनेत बसवलेली विशेषणं मायमोनिडीज काढून टाकत नाही. ती म्हणावीत, आणि समजून म्हणावीत, असं त्याचं म्हणणं. त्याचा राग आहे तो मनाला येईल तशी नवी विशेषणं रचणाऱ्या कवींवर आणि प्रवचनकारांवर. आजी ठरलेला पाठ म्हणते. या कथेतला दोष तिच्याकडे येत नाही.

आणि मायमोनिडीजला विचारायच्या आधी तिचा पाठ नीट ऐक. ‘अप्रमेयो हृषीकेशः पद्मनाभोऽमरप्रभुः’ या ओळीत ज्याचं मोजमाप होत नाही तो, आणि ज्याच्या नाभीतून कमळ उगवलं तो, असे दोघे शेजारी बसले आहेत. पुढे ‘अनिर्देश्यवपुः’ येतं, ज्याचं रूप दाखवता येत नाही असा. अच्युत, अनंत, अज ही नावंही रचनेने नकारार्थीच आहेत. सहस्रनामाने निषेध आणि रूप यांत निवड केलेली नाही, दोन्ही एका श्वासात ठेवले आहेत. याला तत्त्वज्ञान काय म्हणेल हा मोठा प्रश्न आहे, पण ‘आजी चुकते’ हे त्याचं उत्तर नक्कीच नाही.

‘नेति नेति’ मात्र सुरुवातीला घेऊ नकोस. आपल्या मुलांना ते शब्द आधीपासून ठाऊक असतात, आणि ओळखीचे शब्द आले की ऐकणं थांबतं. शिवाय बृहदारण्यक उपनिषदात त्या शब्दांचं काम वेगळं आहे. मायमोनिडीजचा निषेध ईश्वर आणि माणूस यांच्यातलं अंतर राखतो. याज्ञवल्क्य ‘नेति नेति’ म्हणतात ते आत्म्याबद्दल, आणि मैत्रेयीला विचारतात, ‘विज्ञातारमरे केन विजानीयात्’, जाणणाऱ्याला कशाने जाणावं? तिथे जाणणारा हाताशी येत नाही तो दूर असल्यामुळे नव्हे. जाणणं सुरू होतं तेच त्याच्यापासून, म्हणून. ‘नाही’ हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे, पण युक्तिवाद एक नाही. शेवटची तीन मिनिटं या फरकाला दे. ‘सगळे धर्म शेवटी हेच सांगतात’ असं कोणी म्हणालं, तर हाच फरक पुढे कर.

वीस मिनिटांची वाटणी मी अशी करेन. आरंभी फळ्यावर दोनच वाक्यं लिही: ‘हा मुलगा आंधळा नाही’ आणि ‘ही भिंत आंधळी नाही’. प्रत्येकावरून काय निघतं ते मुलांना बोलू दे. त्यांच्या तोंडून फरक आला की ‘ईश्वर असमर्थ नाही’ हे तिसरं वाक्य लिही आणि विचार, हे कुणाच्या ओळीत बसतं? मग भीमाचं वाक्य घेऊन जोडणीचा मुद्दा सांग, आणि कृतीची सोय त्यानंतर. ह्यूम आणि अ‍ॅक्वायनस यांच्यापैकी एकच निवड. दोन्ही घेतलेस तर दोन्ही अर्धवट राहतील. तुझ्या मैत्रिणीने ह्यूमचा प्रश्न आधीच विचारला आहे, तर तोच घे. मधूनमधून मुलांना विचारून बघ, ‘ईश्वराला देह नाही’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? कोणी प्रकाश, धूर किंवा हवा असं म्हणालं तर समज की अजून मुलाच्या जातीचा नकार चालू आहे. त्यांनी जाड देह काढून विरळ देह ठेवला आहे. तसं दिसलं तर पुढे न जाता भिंतीकडे परत ये.

वाचताना ग्रंथाच्या क्रमाने जाऊ नकोस. ५८ वं प्रकरण आधी वाच, मग ५२ वं. गुणांचे पाच प्रकार आणि कृतीचा अपवाद तिथे आहेत. त्यानंतर ५९ आणि ६०. फ्रीडलेंडरचा जुना इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत मिळतो. शब्दाशब्दाला अडायचं असेल तेव्हा ग्रंथालयातून श्लोमो पिनेसचा १९६३ चा अनुवाद काढ. ५८ वं प्रकरण पहिल्यांदा वाचताना प्रत्येक नकारासमोर पेन्सिलने ‘मुलगा’ किंवा ‘भिंत’ असं लिहीत जा. जिथे काय लिहावं ते ठरत नाही, त्या जागा सेमिनारमध्ये प्रश्न म्हणून मांड.